उपवनच्या काठावर तीन सकाळी: जलरंगाच्या सुटीची तयारी

शनिवार-रविवारला एक रजा जोडली की जानेवारीत तीन सकाळी हाताशी येतात. मग ठाण्यातली मासुंदा नि उपवन ही तळी आणि बेलापूरची खाडी अशा त्या वाटून टाकायचा मोह होतो. तो आवरा. ठिकाणाची ओळख व्हायलाच एक सकाळ जाते, म्हणून एकच तळं आणि शक्यतो एकच बाक धरा. उपवन त्यासाठी सोयीचं, कारण येऊरचे डोंगर तळ्याच्या पश्चिमेला आहेत. पूर्वेच्या काठावर बसलं की ऊन आधी डोंगरमाथ्यावर पडतं आणि हळूहळू खाली उतरतं. संध्याकाळी तिथेच बसलात तर समोर नुसती काळपट आकृती उरते.

पनवेल-कल्याणहून येणाऱ्यांनी आदल्या रात्री ठाण्यातच मुक्काम करावा. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि पावणेसातला बाकावर असायला हवं. पहाटेची लोकल पकडून धापा टाकत आलेल्या हाताला सरळ रेघसुद्धा जमत नाही.

आठवडाभर आधी करायचं काम एकच: ट्यूबमधले रंग पॅनमध्ये भरणं. पॅन आधी अर्धा भरा, तो पूर्ण वाळू द्या, मग उरलेला भरा. एकदम काठोकाठ भरला तर वरून साय धरते, आत रंग ओलाच राहतो आणि पिशवीत डबी आडवी झाली की शेजारच्या रंगात वाहतो. रंग सहा-सात पुरेत: अल्ट्रामरीन, सेरुलियन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, लेमन यलो, हवं तर सॅप ग्रीन. ‘हवं तर’ मुद्दाम म्हटलं. जानेवारीत येऊरची झाडी पुष्कळशी वाळकी, तपकिरी असते. त्यावर थेट सॅप ग्रीन ओढला की चित्रात पावसाळा येतो. अल्ट्रामरीन आणि ऑकर मिसळून येणारा राखाडी हिरवा खरा, त्यात लागेल तसा सिएना.

कागद ३०० जीएसएमचा घ्या, ए-फाइव्ह किंवा फार तर ए-फोर. पातळ कागद पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या सपाट थराला, फुगतो आणि रंग खड्ड्यांत साचतो. कागदाच्या चारही कडा मास्किंग टेपने बोर्डाला चिकटवा. टेप घरूनच लावून न्या, दवाने ओलसर झालेल्या कागदाला ती धरत नाही. ब्रश तीन: १२ नंबरचा गोल, ६ नंबरचा गोल आणि फांद्यांसाठी एक रिगर. टूबी पेन्सिल, मऊ खोडरबर, दोन डबे, रंगासाठी लिटरभर पाणी (पिण्याचं वेगळं) आणि जुन्या सुती धोतराचं फडकं. टिश्यूपेक्षा ते केव्हाही बरं. डासांचं मलम विसरू नका. पण गॉगल घरीच राहू द्या, त्यातून रंग खरे दिसत नाहीत.

छत्री काळी किंवा पांढरी हवी, रंगीत नको, नाहीतर लाल छत्रीखालचा कागद गुलाबी दिसतो. सुरुवातीला ती लागतही नाही. या दिवसांत ऊन पाठीमागून, डाव्या खांद्यावरून येतं आणि मांडीवरचा बोर्ड तुमच्याच सावलीत असतो. सूर्य वर आला की ही सावली सरकते. कागद थेट उन्हात आला की रंग फिके वाटतात, हात नकळत गडद लावतो आणि घरी ट्यूबलाइटखाली चित्र मळकट निघतं.

बसल्यावर आधी काडेपेटीएवढ्या चौकटीत फिका, मधला आणि गडद असे तीनच टप्पे मांडा. उन्हाची रेघ डोंगराच्या कुठल्या उंचीवर धरायची ते तिथेच ठरवा. ती पुढे खाली सरकणारच. तुम्ही तिच्यामागे धावू नका. पहिल्या दिवशी डोंगर अर्धा उजळला असताना रेघ धरली आणि जमलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तीच उंची पुन्हा मिळते. एकाच बाकाचा आग्रह त्यासाठीच.

सातच्या गारव्यात आकाशाचा वॉश लवकर वाळत नाही. चमक गेली म्हणजे वाळला असं नाही. बोटांची मागची बाजू अलगद टेकवा. कागद गार लागला तर आत ओल आहे. त्यावर डोंगर भरलात तर पाणी मागे ढकललं जाऊन फुलकोबीसारखे डाग उठतात, आणि ते पुसायला गेलं की वाढतात. थांबा, थर्मासमधला चहा प्या. ऊन तापल्यावर उलटं होतं, वॉश अर्ध्यातच वाळून कडा धरतात. म्हणून मोठे वॉश आधी, बारीकसारीक नंतर.

पाण्यातलं प्रतिबिंब मात्र नंतरवर ढकलू नका. वारा सुटला की ते मोडतं. उजळ गोष्ट पाण्यात जराशी गडद दिसते आणि गडद गोष्ट जराशी उजळ, एवढं पाळलं तरी पाणी पाण्यासारखं दिसतं.

उठताना रंगाचं पाणी तळ्यात ओतू नका, बाटलीत भरून परत न्या. आणि मुक्कामी पोचलात की पॅलेट रात्रभर उघडा ठेवा. ओला बंद केला तर इथल्या दमट हवेत पॅनवर बुरशी धरते.