अडकलेलं रिटेन्शन मागताना पत्रात तारखा लिहा

'फायनल सही बाकी आहे' म्हणत मुख्य ठेकेदार रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, अडकवतो, तेव्हा पत्रात विनवण्या नकोत, तारखा हव्यात. समजा, चिपळूणला गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलंत. बिल आठ लाख, ५ टक्के कापले म्हणजे ४०,००० अडकले. वर्क ऑर्डर म्हणते, यातले निम्मे पैसे काम संपल्यावर, उरलेले बारा महिन्यांनी.

पत्रात वर्क ऑर्डर आणि बिलांचे क्रमांक, काम संपल्याची तारीख आणि लोक राहायला आले ती तारीख लिहा. पुढचं वाक्य सगळ्यात वजनदार: 'त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, गळतीची एकही लेखी तक्रार आलेली नाही.' कोकणातल्या पावसाहून कडक तपासणी कुठला इंजिनिअर करणार! (तक्रार आली असेल तर आधी दुरुस्ती करा, मगच पत्र.)

मग संयुक्त पाहणीचा दिवस तुम्हीच ठरवा. 'अमुक तारखेला सकाळी अकराला साइटवर या, दोष असल्यास तिथेच लेखी द्या. न आल्यास काम स्वीकारलं असं आम्ही धरू, पंधरा दिवसांत रक्कम द्यावी.' एवढ्याने कायद्याने स्वीकृती ठरेलच असं नाही, पण टाळाटाळीचा पुरावा तयार होतो.

मालकाच्या सहीनंतरच पैसे, अशी अट असेल तर सहीसाठी केलेल्या अर्जाची प्रत मागा. बऱ्याचदा अर्जच केलेला नसतो.

पत्र स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही पाठवा. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. फोनवरच्या 'बघतो'ने ती वाढत नाही, मुदतीच्या आत मिळालेल्या सहीच्या लेखी कबुलीने नव्याने सुरू होते.