आधी टाइप, मग पुसणं : गिंपमध्ये पोस्टरची एक ओळ बदलताना

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं पोस्टर तयार होऊन आलं आणि दुसऱ्याच दिवशी वक्त्यांचा फोन आला : सहाऐवजी साडेपाचला सुरू करू या. पोस्टर ज्याने केलं होतं तो गावाला गेलेला. हातात होती फक्त त्याची जेपीजी फाइल आणि संगणकावर गिंप हे चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर. मी जुनी ओळ पांढुरक्या रंगाने झाकली, वर नवी टाइप केली आणि पोस्टर गटावर टाकलं. दहा मिनिटांत तिघांनी विचारलं, "वेळ बदलली का? तिथे ठिगळ दिसतंय."

ते ठिगळ का दिसलं हे शोधताना जे कळलं, ते पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी लिहिते आहे. पुसणं हे दोन मिनिटांचं काम आहे. खरा वेळ जातो तो नवी ओळ जुन्या ओळीसारखी दिसण्यात. म्हणून माझा क्रम आता उलटा आहे. जुनी ओळ जागेवर असतानाच मी तिच्यावर टाइप करते, माप जुळवते आणि मगच पुसते. एकदा पुसलं की जुळवायला समोर काही उरत नाही.

त्याआधी फाइलबद्दल थोडं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेलं चित्र दाबून लहान झालेलं असतं, म्हणून पाठवणाऱ्याकडून ते डॉक्युमेंट म्हणून मागवा. गिंपमध्ये उघडल्यावर लगेच Ctrl+S करून ते गिंपच्या स्वतःच्या `.xcf` प्रकारात जतन करा, म्हणजे मूळ फाइलला धक्का लागत नाही. खिडकीच्या वरच्या पट्टीत `Indexed` असं दिसलं, तर Image > Mode > RGB निवडा. नाहीतर चित्रात आधीपासून असलेल्या मोजक्या रंगांपलीकडे गिंप जात नाही आणि अक्षरांच्या कडा खडबडीत येतात.

आता जुळवाजुळव. माझ्या पोस्टरवरची ओळ होती "वेळ : सायंकाळी ६ वाजता", फिक्या बदामी पार्श्वभूमीवर गडद तांबडी. T दाबून टेक्स्ट टूल घेतलं, ओळीच्या सुरुवातीला क्लिक केलं आणि नवी नाही, जुनीच ओळ अक्षरशः तशीच टाइप केली. रंग मुद्दाम भडक हिरवा ठेवला. टाइप केलेली ओळ पोस्टरच्या वर एका वेगळ्या थरात येते. मग Layers पटलात या नव्या थराची Opacity साधारण ६० वर आणली, म्हणजे खालची तांबडी अक्षरं हिरव्याआडून दिसत राहतात.

इथे देवनागरीचा एक मोठा फायदा आहे, तो म्हणजे शिरोरेखा. हिरवी शिरोरेखा तांबडीवर बरोबर बसवा आणि मग अक्षरांच्या तळाकडे बघा. काना खाली संपतो ती जागा दोन्हींची एक आली, की उंची जुळली. माझं Size ४० पासून सुरू झालं आणि ४६ पिक्सेलला बसलं. Size चा आकडा म्हणजे अक्षराची प्रत्यक्ष उंची नव्हे. तेच ४६ वेगवेगळ्या फॉन्टमध्ये लहानमोठं दिसतं. त्यामुळे फॉन्ट बदलला की आकारही पुन्हा जुळवावा लागतो.

उंची जुळली पण हिरवी ओळ तांबडीच्या आधी संपली किंवा पुढे गेली, तर बहुधा फॉन्टच वेगळा आहे. मी मंगल आणि नोटो सान्स देवनागरी लावून पाहिले, जुळले नाहीत. मुक्ता लावल्यावर "सायंकाळी"मधला अनुस्वार आणि "ळ"ची वळणं एकावर एक बसली. फॉन्ट ओळखताना "ळ", "क" आणि अंक बघा, फरक तिथे चटकन कळतो. "ल" किंवा "श" हिंदी वळणाचे येत असतील, तर टेक्स्ट टूलच्या पर्यायांत Language मध्ये मराठी निवडून पाहा. ज्या फॉन्टात मराठी रूपं दिलेली असतात, त्यात ती अक्षरं बदलतात. नवा फॉन्ट संगणकावर टाकला आणि यादीत दिसला नाही, तर गिंप बंद करून पुन्हा उघडा.

काही वेळा कुठलाच फॉन्ट जुळत नाही. आपल्याकडे डीटीपीवाले श्रीलिपीचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट अजूनही वापरतात. त्यातली अक्षरं आपल्या साध्या टायपिंगमधून येत नाहीत. अशा वेळी एकच ओळ बदलण्याचा हट्ट सोडा. तारीख, वेळ, स्थळ असा शेजारचा सगळा गट एकाच नव्या फॉन्टमध्ये टाइप करा. तीन ओळींत एकच परकी असली तर डोळ्यांत खुपते. तिन्ही सारख्या असल्या तर कुणाच्या लक्षात येत नाही.

टेक्स्ट टूलमध्ये गोंधळाची एक जागा आहे. टाइप करताना अक्षरांवर एक छोटी तरंगती पट्टी येते, तिच्यातही आकार आणि रंग असतात. तिथून केलेला बदल फक्त निवडलेल्या अक्षरांना लागतो, आणि मग बाजूच्या पटलात आकार बदलला तरी ती अक्षरं हलत नाहीत. मी त्या पट्टीला हात लावत नाही, सगळं बाजूच्या पटलातूनच करते. चित्रावर थेट मराठी टाइप करताना अक्षरं तुटली किंवा कर्सर भलतीकडे गेला, तर त्याच पटलातल्या Use editor वर खूण करा. स्वतंत्र खिडकी उघडते, तिच्यात निवांत लिहिता येतं.

ओळ सरकवायला M. इथे मी दोनदा फसले. अक्षरांमधल्या मोकळ्या जागेवर क्लिक झालं की गिंप खालचं अख्खं पोस्टरच सरकवतो. मूव्ह टूलच्या पर्यायांत Move the active layer निवडलं की ही भीती जाते. त्यानंतर चित्रावर एकदा क्लिक करून बाणांच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवा.

जुळलं? मग हिरव्या थरापुढच्या डोळ्यावर क्लिक करून तो लपवा आणि Layers मध्ये पोस्टरचा मूळ थर निवडा. हे विसरलं तर पुढचं सगळं चुकीच्या थरावर होतं आणि वाटतं की टूल चालतच नाही.

आता दोन रंग हवेत. O दाबून कलर पिकर घ्या. अक्षराचा रंग घेताना चित्र भरपूर मोठं करा आणि सगळ्यात जाड रेघेच्या मधोमध क्लिक करा. कडेचे पिक्सेल अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या मधल्या रंगाचे असतात, तिथून घेतलेला रंग फिका निघतो. घेतलेल्या रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की HTML notation मध्ये सहा खुणांचा आकडा दिसतो. माझा होता `7b1e22`. तो कागदावर लिहून ठेवा.

पार्श्वभूमीचा रंग घेताना मात्र उलट करा. पर्यायांत Sample average वर खूण करून त्रिज्या वाढवा आणि ओळीच्या जवळच, पण अक्षरांना चिकटून नाही, अशा मोकळ्या जागी क्लिक करा. माझं पहिलं ठिगळ इथूनच आलं होतं. पार्श्वभूमी पांढुरकी दिसते म्हणून मी नजरेने रंग निवडला होता. प्रत्यक्षात तो `f6edd2` निघाला.

मग R ने आयताकृती निवड. जेपीजी फाइल चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडून दाबली जाते, त्यामुळे अक्षरांभोवती बारीक करडे ठिपके उरतात. अक्षरांना चिकटून निवड केली तर शब्द जातो पण त्याची सावली राहते. म्हणून चारही बाजूंनी दहा-बारा पिक्सेल जास्त घ्या. मात्र वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, वेलांट्या त्यात सापडू देऊ नका. माझ्या वरच्या ओळीत "गुरुवार" होतं आणि पहिल्या खेपेला त्याचे दोन्ही उकार कापले गेले होते. जागा कमी असेल तर तिथे निवड आखूड ठेवा.

थेट मूळ थरावर रंग ओतू नका. Layer > New Layer ने पारदर्शक थर घ्या, निवड तशीच असताना Ctrl आणि स्वल्पविराम दाबा. Foreground चा रंग, म्हणजे आत्ताच घेतलेला पार्श्वभूमीचा रंग, निवडीत भरला जातो. Select > None करा. जुनी ओळ खाली शाबूत आहे, फक्त झाकली गेली आहे. Delete दाबून पुसायला गेलात तर कधी चौकटीचौकटीची पारदर्शक जागा दिसते, कधी भलताच मागचा रंग येतो. थराला पारदर्शकता आहे की नाही यावर ते ठरतं. रंग भरण्यात हा प्रश्न येत नाही.

हिरव्या थराचा डोळा उघडा, Opacity पुन्हा १००, T घेऊन ओळीवर क्लिक करा. फक्त "६" खोडून "५.३०" लिहा आणि रंगाच्या चौकोनात कागदावरचा आकडा टाका. ओळ डावीकडून सुरू होणारी असेल तर काम झालं. मधोमध असलेली ओळ लांब झाली की उजवीकडे वाढते. तेव्हा Image > Guides > New Guide (by Percent) ने ५० टक्क्यांवर उभी रेघ घ्या आणि दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत ओळ डावीकडे सरकवा.

ठिगळ दिसतंय का हे साध्या नजरेने ठरवू नका, प्रत्येक पडद्यावर ते वेगळं दिसतं. Layer > New from Visible ने सगळ्याची एक प्रत सगळ्यात वर घ्या, Colors > Levels उघडा आणि डावीकडचा काळा त्रिकोण उजवीकडे बराच ओढा. फिक्या रंगांतला लपलेला फरक उघडा पडतो. आयताच्या कडा दिसल्या तर रंग चुकला आहे. पाहून झालं की ती प्रत काढून टाका.

रंग पुन्हा घेऊनही आयताची एक बाजू जुळते आणि दुसरी जुळत नाही, असं झालं तर पार्श्वभूमी सपाट नाही, ती हळूहळू गडद होत जाते आहे. स्कॅन केलेल्या कागदात हे हमखास असतं. तिथे एक रंग चालणारच नाही. वरून खाली गडद होणारी पार्श्वभूमी असेल, तर त्याच उंचीवरची बाजूची रिकामी पट्टी मूळ थरातून निवडून Ctrl+C, Ctrl+V करा आणि आडवी सरकवून ओळीवर बसवा. चिकटवल्यावर गिंप २.१० मध्ये ती तरंगत राहते, तिला नव्या थराचं बटण दाबून स्वतंत्र थर करा. फोटोवरच्या किंवा कापडाच्या पोतावरच्या अक्षरांना मात्र ही रीत लागू पडत नाही.

शेवटी Ctrl+S ने फक्त `.xcf` जतन होतं, ते गटावर पाठवून उपयोग नाही. Ctrl+Shift+E दाबा आणि नावाच्या शेवटी `.png` लिहा. सपाट रंग आणि अक्षरं असलेल्या पोस्टरला पीएनजी बरं, कारण जेपीजी पुन्हा दाबली की नव्या अक्षरांभोवतीही ते करडे ठिपके येतात. छापखान्याने जेपीजीच मागितली तर Quality ९५ च्या आसपास ठेवा.

ती `.xcf` फाइल जपून ठेवा. आमच्याकडे त्याच व्याख्यानाची वेळ आदल्या दिवशी पुन्हा सहा झाली. फाइल उघडली, "५.३०"च्या जागी "६" लिहिलं, ओळ बरोबर जुन्या जागेवर आली.