शून्याची रेघ कुठे मारायची? तापमानाचा आलेख पहिल्यांदा काढताना

जानेवारी 2025 मध्ये मी या कामात अगदीच नवी होते. भारताच्या वार्षिक सरासरी तापमानाचा एक छोटा आलेख माझ्याकडे आला होता. 2024 चा आकडा नुकताच जाहीर झाला होता: दीर्घकालीन सरासरीपेक्षा 0.65 अंश सेल्सियस जास्त, आणि 1901 पासूनच्या नोंदींमध्ये 2024 हे सर्वांत उष्ण वर्ष. भारतीय हवामान खात्याचं आदल्या वर्षीचं निवेदन माझ्याकडे होतंच. त्यात 2023 साठी लिहिलं होतं, सरासरीपेक्षा 0.65 अंश जास्त, 1901 पासूनचं दुसरं उष्ण वर्ष. मी दोन्ही खांब शेजारी शेजारी काढले. दोघांची उंची तंतोतंत सारखी.

आमच्या मॅडमनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "2023 दुसऱ्या क्रमांकावर होतं ना? मग पहिलं कोण होतं? ते यात दाखव."

पहिलं होतं 2016. ते शोधायला गेल्यावर चूक सापडली. 2023 च्या निवेदनात 2016 चा आकडा 0.71 होता, 2024 च्या निवेदनात तोच आकडा 0.54. वर्ष तेच, आणि आठ वर्षांपूर्वी नोंदलेलं तापमान मागाहून थंड तर होत नाही. बदललं होतं ते "सरासरीपेक्षा" या शब्दामागचं माप. 2023 च्या निवेदनात सरासरी 1981 ते 2010 या तीस वर्षांची होती, 2024 च्या निवेदनात 1991 ते 2020 ची. हा काळ आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेला असतो. मी तो वाचला होता, पण वाचून सोडून दिला होता.

नव्याने या कामात येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हीच गोष्ट सांगते. तापमानातला बदल दाखवणाऱ्या आलेखात आपण तापमान काढत नसतो, फरक काढत असतो. फरक म्हटला की कशापासून हे आलंच. तो "कशापासून" म्हणजे संदर्भकाळ. आपल्या बोलण्यात बेसलाइन.

काळ बदलतो तो का, तेही समजून घ्या. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीनुसार तीस वर्षांची सरासरी "सामान्य" मानतात आणि दर दहा वर्षांनी ती खिडकी पुढे सरकवतात. शेतकऱ्याला किंवा वीज मंडळाला आजच्या काळातलं सामान्य हवं असतं, आजोबांच्या काळातलं नको असतं, म्हणून हे सरकवणं रास्तच आहे. मात्र हवा तापत असताना खिडकी पुढे सरकली की सरासरीही वर चढते, आणि त्याच जुन्या वर्षाचा फरक कमी दिसतो. 2016 हे याचं उत्तम उदाहरण आहे. त्या वर्षाचं निवेदन आलं तेव्हा संदर्भकाळ 1961 ते 1990 होता आणि फरक होता 0.91. पुढे तो 0.71 झाला, मग 0.54. हे तीन आकडे ओळीने वाचले तर कुणालाही वाटेल की तापमान उतरतंय. खरं तर उलट आहे: 0.91 चे 0.54 झाले कारण मधल्या काळात "सामान्य" सुमारे 0.37 अंशांनी वर गेलं.

आता माझ्या त्या दोन खांबांचं काय झालं ते पाहू. 2016 दोन्ही निवेदनांत आहे, म्हणून ते पूल म्हणून वापरता येतं. 0.71 वजा 0.54 म्हणजे 0.17. जुन्या संदर्भकाळातल्या आकड्यातून 0.17 वजा केले की नव्यातला आकडा मिळायला हवा. 2023 चे 0.65 वजा 0.17, म्हणजे 0.48 च्या आसपास. म्हणजे 2024 चा खांब 2023 पेक्षा चांगलाच उंच यायला हवा होता, आणि मी ते दोन समान दाखवत होते.

इथे एक धोका आहे. असा पूल अंदाजापुरताच. 2009 जुन्या निवेदनात 0.55 आणि नव्यात 0.40 आहे, म्हणजे फरक 0.15 येतो, 0.17 नाही. फक्त संदर्भकाळ बदलला असता तर प्रत्येक वर्षातून एकच ठरावीक संख्या वजा व्हायला हवी. दोन वर्षांसाठी ती वेगळी आली, याचा अर्थ मूळ मालिकेतही थोडी दुरुस्ती झाली आहे. नवी केंद्रं धरली जातात, तात्पुरते आकडे पक्के होतात. म्हणून दोन निवेदनांचे आकडे एका आलेखात घेण्याआधी दोन-तीन समान वर्षं घेऊन वजाबाकी करून पाहा. ती सारखी आली नाही तर जोडकाम सोडा आणि पूर्ण मालिका एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी घ्या. मीही शेवटी तेच केलं.

पूर्ण मालिका हाती आली की संदर्भकाळ बदलणं दोन ओळींचं काम आहे:

```python
base = s.loc[1991:2020].mean()
anom = s - base
```

या दोन ओळींकडे नीट पाहा. सगळ्या वर्षांतून एकच संख्या वजा होते आहे, म्हणून रेषेचा उतार तसूभरही बदलत नाही. भारताचं तापमान गेल्या शतकाभरात साधारण 0.6 ते 0.7 अंश दर शंभर वर्षांना या गतीने चढलं आहे. संदर्भकाळ कुठलाही घ्या, ही गती तीच राहते. बदलते ती शून्याची जागा. आणि डोळा नेमका शून्याकडेच पाहतो.

मॅडमनी मला हे ज्या सरावातून शिकवलं तो तुम्हीही करून पाहा. हे आकडे 1981 ते 2010 च्या संदर्भातले, निवेदनांत जाहीर झालेले आहेत:

```python
import pandas as pd
s = pd.Series({2016:0.71, 2017:0.54, 2018:0.41,
               2019:0.36, 2020:0.29, 2021:0.44,
               2022:0.51, 2023:0.65})
print((s - s[2016]).round(2))
```

आधी `s` तसाच खांबांनी काढा. आठही खांब शून्याच्या वर, सगळे लाल. मग 2016 वजा केलेला काढा. 2016 चा खांब नाहीसा होतो आणि उरलेले सात शून्याच्या खाली लटकतात: 2020 ला उणे 0.42, 2023 ला उणे 0.06. नेहमीप्रमाणे ऋण बाजू निळी रंगवली की हाच देश सलग सात वर्षं थंडावलेला दिसतो. एकही आकडा खोटा नाही, आणि दोन वर्षांमधलं एकही अंतर बदललेलं नाही. फक्त शून्याची रेघ एका असाधारण उष्ण वर्षाच्या डोक्यावर नेऊन ठेवली आहे. 2016 ची सुरुवात जोरदार एल निनोत झाली होती. अशा एका वर्षाला पाया मानलं की त्या वर्षाचा चढउतार सगळ्या आलेखावर पसरतो. तीस वर्षं घेतात ती यासाठीच: एल निनो, ला निना, एखादा ज्वालामुखी हे सगळं त्यात बऱ्यापैकी मिसळून जातं. कुणी आलेखाखाली "2016 च्या तुलनेत" किंवा "1998 च्या तुलनेत" असं एकच वर्ष लिहिलेलं दिसलं, तर तेच आकडे तीस वर्षांच्या सरासरीवर काढून बघितल्याशिवाय त्यावर काही बोलू नका.

याच सरावात आणखी एक गोष्ट हाती लागते आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. 2016 आणि 2020 ची तुलना करा. 1981 ते 2010 च्या संदर्भात 0.71 आणि 0.29, म्हणजे एक खांब दुसऱ्याच्या जवळजवळ अडीचपट. सगळ्या आकड्यांत 0.20 मिळवून 1961 ते 1990 च्या संदर्भाजवळ जा: 0.91 आणि 0.49, दुपटीलाही कमी. 0.17 वजा करून नव्या संदर्भात या: 0.54 आणि 0.12, साडेचारपट! म्हणून फरकांची पट किंवा टक्केवारी कधीच लिहू नये. "या वर्षीची तापमानवाढ दुप्पट" हे वाक्य संदर्भकाळावर उभं असतं, हवामानावर नाही. दोन वर्षांतलं अंतर मात्र तिन्ही ठिकाणी 0.42 अंशच आहे. तेच लिहावं.

मग कोणता संदर्भकाळ घ्यायचा? याला एकच बरोबर उत्तर नाही, पण प्रश्नानुसार उत्तर ठरतं. "यंदाचं वर्ष आपल्या नेहमीच्या मानाने कसं?" हा प्रश्न असेल तर 1991 ते 2020. "माणसाने कोळसा-तेल जाळायला लागल्यापासून किती बदललं?" हा असेल तर 1850 ते 1900, कारण पॅरिस करारातली 1.5 अंशांची चर्चा त्याच काळाशी जोडून होते. युरोपच्या कोपर्निकस सेवेने 2024 साठी जगाचे दोन्ही आकडे दिले: 1991 ते 2020 पेक्षा 0.72 जास्त, आणि 1850 ते 1900 पेक्षा 1.60 जास्त. नासाचा आलेख 1951 ते 1980 वर असतो, तिथे तेच वर्ष 1.28 आहे. बातमीत 0.72 आणि 1.5 ची मर्यादा एका वाक्यात आली की वाचकाला वाटतं अजून निम्मी वाट बाकी आहे. हा गोंधळ मी अनेकदा पाहिला आहे आणि तो साधा नाही.

महिन्यांचे आकडे घेत असाल तर प्रत्येक महिन्यातून त्याच महिन्याची सरासरी वजा होते, म्हणजे बारा वेगवेगळ्या संख्या. फेब्रुवारी आणि जुलै सारखे तापलेले नसतात, त्यामुळे संदर्भकाळ बदलला की महिन्यांची आपसातली क्रमवारीही बदलू शकते. वर्षाचा 0.17 महिन्यांना लावू नका. रोजच्या कामातही हेच भेटतं: मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश आणि सामान्यापेक्षा 4.5 अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट म्हणतात. सामान्य वर सरकलं की तीच दुपार त्या व्याख्येत बसेलच असं नाही.

माझा तो आलेख शेवटी गेला तेव्हा त्यात खांब नव्हते, रेषा होती. खांबाची उंची शून्यापासून मोजली जाते, रेषेत डोळा चढाव पाहतो. शून्याच्या रेघेवरच, आलेखाच्या आत, "शून्य = 1991 ते 2020 ची सरासरी" असं लिहिलं, तळटीपेत नाही. आणि 1961 ते 1990 ची सरासरी दुसऱ्या तुटक रेघेने दाखवली, शून्याच्या खाली. मॅडमनी त्या दोन रेघांमधल्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे अंतरही मोजून लिही, लोक तेच वाचतील."