रॉक रेकॉर्डचे शेवटचे गाणे फाटते? सुईचा भार कमी ठेवण्याची चूक टाळा

सुईचा भार जितका कमी तितकी रेकॉर्ड जास्त टिकते, या समजापायी अनेक चांगल्या रेकॉर्ड खराब होतात. मोठ्या आवाजाच्या जागी खाचेची वळणे तीव्र असतात. तेथे हलकी सुई भिंतीला धरून राहू शकत नाही. ती क्षणभर सुटते, पुन्हा आदळते आणि हिऱ्याचा तो घाव विनाइलवर कायमचा उमटतो.

माझ्या एका मित्राची तक्रार नेमकी हीच होती. लेड झेपलिनच्या १९७१ सालच्या चौथ्या अल्बमची पहिली बाजू 'स्टेअरवे टू हेवन'ने संपते. गाणे हळुवार सुरू होते आणि ड्रम, झांजा व टिपेचा आवाज शेवटी, लेबलच्या अगदी जवळ येतात. तेथे एका फेऱ्याची लांबी कडेच्या फेऱ्याच्या निम्म्याहूनही कमी असते, पण वेळ तेवढाच लागतो. त्यामुळे तोच नाद थोड्या जागेत दाटीने कोरलेला असतो. त्याचा आवाज नेमका तेथेच फाटत होता.

त्याची कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, ऑडिओ-टेक्निकाची एटी-व्हीएम९५ई, जिच्यासाठी कंपनी १.८ ते २.२ ग्रॅम, शक्यतो २ ग्रॅम भार सांगते. सुई धरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे टोनआर्मच्या, मागे तोल साधणारे काउंटरवेट असते; त्याच्या कड्यावर २ चा आकडा होता, पण डिजिटल काट्यावर भरले जेमतेम १.४ ग्रॅम. टोनआर्म तरंगता करून कडे शून्यावर आणताना त्याने सुईवरचे प्लॅस्टिकचे झाकण काढलेच नव्हते. नंतर झाकण निघाले आणि तेवढा भार कमी झाला. झाकण काढून, टोनआर्मला बाहेरच्या बाजूला ओढ देणारे अँटीस्केट शून्यावर ठेवून आम्ही पुन्हा तोल साधला आणि काट्यावर २ ग्रॅम जुळवले. (सुई उडते म्हणून हेडशेलवर रुपयाचे नाणे ठेवणारेही असतात, त्याने एकदम तीन ग्रॅमहून अधिक भर पडते.)

दोन्ही स्पीकरमधली बरीच खरखर गेली, पण उजव्या बाजूची थोडी उरली, कारण अँटीस्केट अजून शून्यावरच होते. फिरती तबकडी टोनआर्मला आत ओढते, सुई खाचेच्या आतल्या म्हणजे डाव्या चॅनलच्या भिंतीवर रेलते आणि बाहेरची, उजव्या चॅनलची भिंत तिच्या हातून सुटते. अँटीस्केट २ च्या आसपास ठेवल्यावर हा फरक मिटला.

तरीही त्या रेकॉर्डवरच्या शेवटच्या झांजा चरचरतच राहिल्या. मग त्याच अल्बमची न वाजवलेली प्रत लावली, तर ती त्याच जागी स्वच्छ वाजली. म्हणजे सुई ठीक होती आणि जुन्या प्रतीची खाचच झिजली होती. नवी प्रतही चरचरली असती, तर संशय सुईवर गेला असता. या कार्ट्रिजच्या लंबवर्तुळाकार टोकाचे आयुष्य कंपनी सुमारे ३०० तास सांगते. चाळीस मिनिटांची एक रेकॉर्ड धरली तर त्या साडेचारशे होतात. मित्राने मोजणी ठेवलेली नव्हती, म्हणून त्याने त्या दिवसापासून कार्ट्रिजच्या खोक्यावरच रेघा मारायला सुरुवात केली.