लॅपटॉपवरचा एचडीआर बिल्ला खरा किती, हे घरच्या घरी कसं तपासावं

लॅपटॉपच्या कडेला ‘एचडीआर’, म्हणजे एकाच चित्रात जास्त उजेड आणि जास्त काळोख दाखवण्याची सोय, असा स्टिकर असतो, विंडोजमध्ये एचडीआरचं बटणही चालू होतं आणि तरी सिनेमा आधीपेक्षा फिकट दिसतो. मग लोक ड्रायव्हर अपडेट करतात, कलर प्रोफाइल बदलतात, कुणीतरी सांगितलं म्हणून व्हिडिओ प्लेअरही बदलतात. बहुतेक वेळा यातल्या कशातच दोष नसतो. दोष पॅनेलच्या मर्यादेत असतो आणि ती मर्यादा बिल्ल्यावर अर्धीच लिहिलेली असते.

सुरुवात बिल्ला नीट वाचण्यापासून करा. ‘एचडीआर१० सपोर्ट’ किंवा ‘एचडीआर रेडी’ याचा अर्थ लॅपटॉपला एचडीआर सिग्नल समजतो, एवढाच. एचडीआर१० हा माहितीचा साचा आहे. पडदा किती उजळ किंवा किती काळा व्हायला हवा, याबद्दल तो काहीच सांगत नाही. डॉल्बी व्हिजनचा शिक्काही खरेदी करताना मी बाजूला ठेवतो, कारण त्यावर निट्सचा, म्हणजे पडद्याचा उजेड मोजण्याच्या एककाचा आकडा नसतो आणि तो अगदी साध्या उजेडाच्या पॅनेलवरही दिसतो.

ज्यामागे मोजमापं जाहीर आहेत आणि जो लॅपटॉपवर सर्रास दिसतो, असा बिल्ला म्हणजे व्हेसा या संस्थेचा डिस्प्लेएचडीआर. तो डिसेंबर २०१७ मध्ये आला. नाव पूर्ण आहे का ते बघा. नुसतं ‘एचडीआर ४००’ लिहिलं असेल तर ते प्रमाणपत्र नव्हे, जाहिरात आहे. displayhdr.org वर प्रमाणित उत्पादनांची यादी आहे, तिथे मॉडेल नंबर टाकून शोधा. नंबर पूर्ण टाका. एकाच नावाचा लॅपटॉप दोन-तीन वेगवेगळ्या पॅनेलांसह विकला जातो आणि प्रमाणपत्र त्यातल्या एकाचंच असू शकतं. ओएलईडीवाल्या, म्हणजे प्रत्येक बिंदू स्वतः उजळणाऱ्या पॅनेलच्या मॉडेलचा लोगो आयपीएस या साध्या एलसीडीवाल्याच्या पानावर झळकताना मी पाहिला आहे.

आता आकड्याकडे या. चारशे म्हणजे पडद्याचा सर्वोच्च उजेड ४०० निट्स. हे वचन सहसा पाळलं जातं. पण एचडीआरचा अर्थ नुसता उजेड नव्हे. त्याच क्षणी, त्याच पडद्यावर शेजारी किती काळोख राहतो, हाही आहे. इथे चारशेची पायरी फारच उदार आहे. पडद्याचा काळा रंग ०.४ निटपर्यंत उजळ असला तरी चालतो. ४०० भागिले ०.४ म्हणजे १०००. एक हजारास एक हा काँट्रास्ट कुठल्याही साध्या आयपीएस पॅनेलचा असतो. मूळ नियमांत या पायरीला लोकल डिमिंगची, म्हणजे पडद्यामागचा दिवा किंवा बॅकलाइट भागाभागाने वेगळा मंद करण्याची सक्ती नव्हती आणि रंगही एसआरजीबी या साध्या रंगपट्ट्याच्या ९५ टक्के पुरत. मे २०२४ मध्ये १.२ आवृत्ती आली, तिने चारशेलाही दहा बिट आणि डीसीआय-पी३ या सिनेमाच्या जास्त रुंद रंगपट्ट्याची अट घातली. पण लॅपटॉपना जुन्या नियमांवर मे २०२६पर्यंत मुभा दिली होती आणि आधी दिलेले बिल्ले दुकानांत आहेतच. शिवाय रंगांचा नियम सुधारला म्हणून बॅकलाइटचा प्रश्न सुटत नाही.

‘ट्रू ब्लॅक’ हे शब्द जोडलेले असतील तर गोष्टच वेगळी. ट्रू ब्लॅक ४०० मध्येही सर्वोच्च उजेड ४०० निट्सच, पण काळा रंग ०.०००५ निटपर्यंत उतरायला हवा. तोच भागाकार आता आठ लाख येतो. बाहेरून दोन शब्दांचा फरक असलेल्या या बिल्ल्यांत पडद्यावर जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

लॅपटॉप हातात असेल तर विंडोजला त्या पॅनेलबद्दल काय सांगितलंय, ते पाहून घ्या. `Win + R` दाबून `dxdiag` चालवा, `Save All Information` करा आणि त्या फाइलमध्ये `Display Luminance` शोधा. चारशेच्या साध्या एलसीडीवर असं काहीसं सापडतं:

```
Display Luminance: Min Luminance = 0.400000, Max Luminance = 400.000000, MaxFullFrameLuminance = 320.000000
```

हे आकडे पॅनेल बनवणाऱ्याने चिपमध्ये लिहून ठेवलेले असतात. मोजून आलेले नसतात. सर्वोच्च आकडा ३०० च्या आसपास असेल तर पुढचं सगळं सोडून द्या, एचडीआर बंद ठेवा.

खरी मेख काळोख तपासण्यात आहे आणि नेमका इथेच वाईट सल्ला सर्वांत जास्त मिळतो. ‘पडदा पूर्ण काळा करा, अंधारात बघा, काळा दिसला की पॅनेल चांगलं’ असं सांगणारे खूप आहेत. ही चाचणी निरुपयोगी आहे. अनेक एलसीडी पूर्ण काळी चौकट आली की अख्खा बॅकलाइटच मंद करतात किंवा विझवतात. याला ग्लोबल डिमिंग म्हणतात. पडदा काळाकुट्ट दिसतो, तुम्ही खूश होता, आणि सिनेमात पहिला दिवा लागताच सगळा बॅकलाइट परत येतो. त्यामुळे काळ्यासोबत पांढरं असलंच पाहिजे, आणि तेही लहान.

चार्जर लावा, कारण बॅटरीवर विंडोज एचडीआर बंद ठेवू शकतं. `Win + Alt + B` दाबून एचडीआर चालू करा. बऱ्याच पॅनेलांत लोकल डिमिंग एचडीआर असतानाच जागं होतं. डेस्कटॉपची पार्श्वभूमी काळी करा, आयकॉन आणि टास्कबार लपवा. रात्री खोलीतले दिवे घालवा, दाराच्या फटीतून येणारा उजेडही अडवा आणि पाच मिनिटं तसंच बसा. डोळे अंधाराला सरावले नाहीत तर ०.४ निटही काळाच वाटतो. मग नोटपॅडची एक छोटी पांढरी खिडकी उघडा आणि ती हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. खिडकीकडे बघू नका, तिच्यापासून दूरच्या कोपऱ्याकडे बघा.

दूरचा कोपरा करडा, धुरकट दिसला आणि खिडकी कुठेही नेली तरी तसाच राहिला, तर बॅकलाइट एकसंध आहे. बिल्ला काहीही म्हणो, हा एचडीआर नाही. खिडकीसोबत वरपासून खालपर्यंत एक उभा पट्टा उजळत सरकत असेल, तर दिवे कडेला आहेत आणि डिमिंग पट्ट्यांपुरतं आहे. डोंगरामागून चंद्र वर येणाऱ्या दृश्यात हे पट्टे लक्ष विचलित करतात. खिडकीभोवती फक्त बोटभर तेजोवलय दिसलं आणि बाकी पडदा शांत राहिला, तर ते मिनी-एलईडी, म्हणजे पडद्यामागे पसरलेले पुष्कळ बारीक दिवे. वलय असणारच, ते किती पसरतं यावर त्याची प्रत ठरवा. वलयही नसेल, पांढऱ्याच्या कडेला थेट काळोख सुरू होत असेल, तर ओएलईडी.

दोन गोष्टींची ताकीद देतो. मोबाइलने फोटो काढून निकाल लावू नका. कॅमेरा अंधारात आपोआप एक्स्पोजर वाढवतो आणि बऱ्यापैकी काळा पडदाही फोटोत राखाडी दिसतो. दुसरी आयपीएस ग्लोची. कोपऱ्यातली चमक डोकं हलवल्यावर कमी-जास्त होत असेल तर ती कोनामुळे आहे, डिमिंगशी तिचा संबंध नाही. समोर सरळ बसून पुन्हा बघा. आणि दुकानात ही चाचणी होतच नाही. ट्यूबलाइटचा उजेड पडद्यावर पडून काळा रंग कित्येक पटींनी उजळ करतो, तिथे सगळी पॅनेलं सारखीच दिसतात. परत करण्याची मुदत असेल तर पहिल्याच रात्री तपासा.

ही धडपड कशासाठी, ते एका दृश्यावर सांगतो. रात्रीची गल्ली, टोकाला एक दिवा. हजार निट्सपर्यंत तयार केलेल्या मूळ चित्रात दिव्याचा गाभा समजा ८०० निट्सवर आहे आणि सावलीतली भिंत ०.०५ निटवर. चारशेच्या साध्या एलसीडीवर ८००चा दिवा दाबून ४००च्या आत बसवावा लागतो. याला टोन मॅपिंग म्हणतात आणि एवढं खपून जातं. पण ०.०५ ची भिंत दाखवायला जागाच नाही, कारण पडद्याचा तळच ०.४ आहे, भिंतीच्या आठपट उजळ. भिंतीचे सगळे बारकावे त्या धुक्यात बुडतात. एचडीआर बंद ठेवून तुम्ही बॅकलाइट १२० निट्सवर ठेवला असता तर तोच काळा ०.१२ वर असता. म्हणजे एचडीआर चालू केल्यावर बॅकलाइट कमाल होतो, काळोख तिप्पट उजळतो आणि चित्र फिकट पडतं. ‘एचडीआर लावल्यावर वॉश आउट होतं’ या तक्रारीचं हे एक मोठं कारण आहे आणि एचडीआर चालू असताना कुठलंही सेटिंग ते घालवू शकत नाही.

उजेडाची बाजू सोपी आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून `Windows HDR Calibration` घ्या आणि त्यात आकृती दिसेनाशी होईपर्यंत स्लायडर सरकवा. लहान चौकोनाचा आणि पूर्ण पडद्याचा आकडा वेगळा येईल. ओएलईडीवर हे स्वाभाविक आहे. ट्रू ब्लॅक ४०० ला पूर्ण पांढऱ्या पडद्यावर फक्त २५० निट्स पुरतात. भरदुपारी खिडकीशेजारी बसून एक्सेल करणाऱ्याला ओएलईडीचा काळा काहीच कामाचा नाही, त्याने ५०० निट्सचा मॅट आयपीएस घ्यावा आणि एचडीआरचं नावही काढू नये.

व्हिडिओ खरंच एचडीआरमध्ये येतोय का, हेही एकदा पाहा. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट-क्लिक करून `Stats for nerds` उघडा. `Color` समोर `smpte2084 (PQ) / bt2020` दिसलं तर येतोय, `bt709` दिसलं तर तुम्ही साधाच व्हिडिओ बघताय.

यानंतर सेटिंग्जचं ठरवायला फार विचार नको. बॅकलाइट एकसंध निघाला तर `Settings > System > Display` मधलं `Use HDR` कायमचं बंद करा, चित्र लगेच सुधारेल. पट्ट्यांचं डिमिंग असेल तर मी तरी बंदच ठेवतो. मिनी-एलईडीवर सिनेमा आणि गेमपुरतं चालू करा, बाकी वेळ बंद, नाहीतर काळ्या टर्मिनलवर पांढऱ्या अक्षरांभोवती वलयं फिरत राहतात. ओएलईडीवर चालू ठेवायला हरकत नाही, फक्त तिथल्याच `HDR` पानावरच्या बॅटरीच्या पर्यायात बॅटरीवर एचडीआर नको असं सांगून ठेवा.