नागपूरच्या मे महिन्यासाठी एअर-कूल्ड चिलर निवडताना

कॅटलॉगवर १०० टन लिहिलेला एअर-कूल्ड चिलर मे महिन्यात दुपारी १०० टन देत नाही. तो आकडा बहुतेक वेळा ३५ अंश सेल्सिअस बाहेरच्या हवेचा असतो.

१. आधी हवेचं तापमान ठरवा. नागपुरात उन्हाळ्यात ४५ अंश सहज होतात, आणि तेही सावलीत. तापलेली गच्ची आणि कंडेन्सरकडे परत ओढली जाणारी गरम हवा धरून ३ अंश वाढवा, म्हणजे ४८.

२. विक्रेत्याकडून ४८ अंशांवरची, तुमच्या पाण्याच्या तापमानाची क्षमता लेखी मागा. ‘हाय ॲम्बियंट मॉडेल आहे’ एवढ्यावर थांबू नका.

३. समजा ४८ अंशांवर कॅटलॉगच्या क्षमतेला ०.८६ गुणक निघाला, आणि गरज १०० टनांची आहे. १०० ÷ ०.८६ म्हणजे सुमारे ११६. त्याच्या वरचं मॉडेल घ्या.

क्षमता घटते तेव्हा कॉम्प्रेसरची वीज मात्र वाढते. केबल आणि ब्रेकर ३५ अंशांच्या करंटवर कधीच ठरवू नका.

मशीन बाहेरच्या हवेच्या कमाल किती तापमानापर्यंत चालतं, ती मर्यादाही वेगळी विचारा. ती ४६ अंश असेल, तर कितीही मोठं मशीन घेतलं तरी ऐन दुपारी हाय प्रेशरवर ट्रिप होईल, किंवा आपणहून लोड कमी करेल.