स्टेपनी खाली उतरत नाहीये? टॉमीवर जोर काढण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाट चढायच्या आधीच आमच्या सात सीटर गाडीचं मागचं डावं चाक बसलं. जॅक होता, पाना होता, स्टेपनीत हवाही होती. फक्त स्टेपनी गाडीच्या पोटाखालून सुटायला तयार नव्हती. टॉमी फिरवली की ती फिरायची, चाक मात्र जागचं हलेना. माझा मावसभाऊ टॉर्च आणि हातोडी घेऊन गाडीखाली सरकला आणि त्याने टायरवर दोन ठोके मारले. तिसऱ्या ठोक्याला चाक धाडकन खाली आलं. त्याने हात क्षणभर आधी मागे घेतला होता, म्हणून बोटं वाचली.

तेव्हापासून मी हे प्रत्येक गाडीवाल्याला सांगतो. इनोव्हा, स्कॉर्पिओ, अर्टिगा अशा गाड्यांमध्ये स्टेपनी डिकीत नसते, ती मागे खालच्या बाजूला टांगलेली असते. वर एक छोटी विंच असते. तिच्यातून वायरची केबल किंवा साखळी खाली येते, आणि तिच्या टोकाची पट्टी रिमच्या मधल्या भोकातून जाऊन चाकाला खालून उचलून धरते. डिकीतल्या किंवा बंपरजवळच्या भोकातून टॉमी घालून विंच फिरवायची, एवढंच काम. पण ही सगळी यंत्रणा चिखल आणि पाण्याच्या थेट माऱ्यात असते. कोकणात तर लाल माती आणि खारी हवा दोन्ही. वर्ष-दोन वर्षं कोणी हात लावला नाही, की गंज धरलाच म्हणून समजा.

आमची चूक अशी झाली, की टॉमी फिरतेय म्हणजे विंच चालू आहे आणि चाक थोडंसंच अडकलंय, असं आम्ही धरलं. विंच खरंच चालू होती. प्रत्येक फेऱ्याला केबल सुटत होती, पण चाक वरच्या ब्रॅकेटला गंजाने आणि वाळलेल्या चिखलाने घट्ट चिकटलं होतं. म्हणजे वीस-एक फेऱ्यांनंतर चाकाला केबलचा आधार राहिलाच नव्हता. वीस किलोच्या आसपासचं ते धूड नुसत्या गंजावर लटकत होतं. सगळ्यात धोक्याची स्थिती हीच, कारण बाहेरून सगळं जसंच्या तसं दिसतं.

म्हणून फेरे मोजा. चार-पाच फेऱ्यांत चाक खाली सरकलं नाही, तर थांबा आणि बाहेर उभं राहून, वाकून टॉर्च मारा. रिमच्या मध्याशी केबल ढिली पडलेली किंवा पट्टी रिमपासून सुटून खाली लोंबताना दिसली, तर चाक चिकटलेलं आहे. जितके फेरे सोडले तितके उलटे फिरवून केबल पुन्हा ताणा. मग लाकडी ठोकळे रचून किंवा दुसरा जॅक लावून चाकाखाली असा आधार द्या, की मध्ये दोन इंचांचीच फट राहील. आता केबल दोन-तीन फेरे ढिली करा आणि बाजूला उभं राहून लांब बांबूने किंवा लाकडाने टायरच्या कडेला ढकला. सुटलं तरी ते दोन इंचच पडेल. गाडीखाली डोकं नाही, हात नाही, पायसुद्धा नाही.

हे सगळं पंक्चर चाकाखाली जॅक लावायच्या आधी करायचं. सपाट जागा, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, माणसं खाली उतरलेली आणि चांगल्या चाकांना पुढून-मागून दगड. मागचं टायर बसलं की गाडी खाली दबते आणि स्टेपनी उतरली तरी बाहेर ओढायला जागा पुरत नाही, हे खरं. तेव्हा जॅकने बॉडी गरजेपुरती उचला आणि स्टेपनी टॉमीच्या वाकड्या टोकाने किंवा दोरीने बाहेर ओढा. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरून चाकाशी झटापट करू नका.

टॉमी अजिबातच फिरत नसेल, तर दुखणं वेगळं. तिथे चाक नाही, विंचचे दाते किंवा शाफ्ट गंजलेला असतो. अशा वेळी लोक टॉमीवर लांब पाइप चढवतात किंवा गॅरेजवाला सरळ इम्पॅक्ट गन लावतो. शाफ्टचं टोक लहान असतं, ते गोल होतं किंवा आतला क्लच तुटतो, आणि मग टॉमीने काही करता येण्याची आशाच संपते. त्याऐवजी शाफ्टवर वरून आणि विंचच्या डब्यावर बाजूने गंज सोडवणारा स्प्रे मारा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा मारा. मग आधी पाव फेरा घट्ट करण्याच्या दिशेने आणि नंतर सोडण्याच्या दिशेने, असं हळूहळू मागेपुढे करा. घरी असाल तर रात्रभर मुरू द्या. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या उलट दिशेने चाक उतरतं, पण आपल्या गाडीचं मॅन्युअल एकदा बघून ठेवा. चुकीच्या दिशेने फिरवलं तर नुसता कटकट आवाज येतो. तो क्लच सुटल्याचा आवाज असतो, बिघाडाचा नाही.

आणि टॉमी काहीच वजन न जाणवता गरगर फिरली, तर ती शाफ्टमध्ये बसलेली नाही. काढून पुन्हा नीट बसवा. बसूनही तसंच होत असेल, तर आतले दाते गेलेत आणि केबल कापण्याशिवाय मार्ग नाही.

केबल कापणं रस्त्याच्या कडेला करू नका. तिथे पंक्चर चाक काढून रिक्षाने दुकानात पाठवणं किंवा राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करणं बरं. गॅरेजमध्येही आधी ट्रॉली जॅकने चाक किंचित वर उचलून केबलवरचा ताण पूर्ण काढायचा, डोळ्यांवर गॉगल घालायचा आणि बोल्ट कटर किंवा हेक्सॉ ब्लेडने कापायचं. ताणलेली केबल तुटली की चाबकासारखी उसळते. ग्राइंडर किंवा गॅस कटर कोणी काढला, तर तिथेच थांबवा. जवळ इंधनाची टाकी असते, सीएनजी गाडीत सिलिंडर असतो, आणि हवा भरलेल्या टायरला आच लागली तर तो फुटतो.

आमचं चाक खाली आल्यावर केबल हाताळली, तर तिच्या चार-पाच तारा तुटून हातमोज्यात अडकत होत्या. अशी केबल गाठ मारून किंवा क्लॅम्प लावून वापरायची नाही. विंचचा पूर्ण संच बदलायचा, कारण चालत्या गाडीखालून सुटलेली स्टेपनी मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर जाते.

आता मी पावसाळ्याआधी आणि नंतर स्टेपनी पूर्ण खाली घेतो. चिखल धुतो, वाळवतो, केबलला पातळ तेल लावतो. जाड ग्रीस नको, त्यात माती धरते. केबल संपल्यावरही टॉमी फिरवत राहिलं, तर ती ड्रमवर उलटी गुंडाळली जाते आणि पिळून खराब होते, तेव्हा चाक टेकून केबल सैल पडली की थांबायचं. वर चढवताना क्लचची दोन-तीनदा कटकट ऐकायची, मग टायर हाताने जोरात हलवून बघायचा. तो जरासुद्धा हलला तर पट्टी रिमच्या भोकात वाकडी बसलेली असते, पुन्हा उतरवून ती सरळ करायची.